तेरा पदार्थांच्या पाटीवरून पाचावर

काकू, नमस्कार. चाकण एमआयडीसीत कंपनीच्या गेटसमोर आम्हा नवरा-बायकोची नाश्त्याची गाडी आहे. पाटीवर तेरा पदार्थ आहेत : चहा, वडापाव, मिसळ, पोहे, उपमा, इडली, समोसा, भजी, ऑम्लेट, भुर्जी, मॅगी, पावभाजी, साबुदाणा खिचडी. तीन बर्नरची भट्टी, एक मदतनीस मुलगा, दोन बाकडी. घरी सासूबाई भाज्या निवडून देतात. दिवसाला पाच हजारांची विक्री होते, पण सगळं भागवून हातात चार-पाचशेच उरतात आणि रोज काहीतरी टाकावं लागतं. सकाळी सातच्या शिफ्टला एवढी गर्दी होते की माणसं थांबून कंटाळतात आणि निघून जातात. पाचच पदार्थ ठेवावेत असं मनात आहे. यजमान म्हणतात, गिऱ्हाईक तुटेल. कुठले पाच ठेवू?
— एक वाचक, चाकण

ताई, तुमचं पत्र वाचताना मला पहिल्यांदा तुमची भट्टी दिसली. बावीस वर्षं मी एका कारखान्याच्या दारात कँटीन चालवलं. तिथे मला कळलं, पदार्थ किती ठेवायचे हे बर्नर ठरवतात. तुमच्याकडे ते तीन आहेत. एक दिवसभर चहाचा. दुसरा कढईचा, कारण वडा गरम नसेल तर गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जातं. उरला एक. त्या एका बर्नरवर आज तुम्ही रस्सा, पोहे, उपमा, इडलीपात्र, ऑम्लेटचा तवा, मॅगीचं भांडं आणि पावभाजी फिरवताय. सातच्या शिफ्टची माणसं निघून जातात ती तिथे.

म्हणून पदार्थ निवडताना आधी त्यांचे दोन ढीग करा. आधी शिजवून ठेवून पळीने काढून देता येतात ते एका बाजूला, आणि माणसाने मागितल्यावर करायला लागतात ते दुसऱ्या बाजूला. पोहे ताटलीत घालून शेव-कोथिंबीर टाकायला पंधरा सेकंद लागतात. तयार वडा पावात घालून चटणीसकट हातात द्यायला दहा. ऑम्लेटला मात्र कांदा कापलेला असला तरी तीन मिनिटं, आणि त्या तीन मिनिटांत तवाही अडतो, माणूसही अडतो. साडेसहा ते सव्वासात ही पंचेचाळीस मिनिटं तुमची खरी बाजारपेठ आहे. रात्रपाळीवाले बाहेर पडतात आणि पहिल्या पाळीचे आत जायच्या घाईत असतात. पंच करायची वेळ टळली तर पगार कापला जातो, त्यामुळे कितीही भूक असली तरी तो माणूस तुमच्यासाठी पाच मिनिटं थांबणार नाही. या वेळात मागितल्यावर करायचा एकही पदार्थ नको. ऑम्लेट, भुर्जी, मॅगी आणि पावभाजी एवढ्यानेच पाटीवरून उतरतात. चव वाईट आहे म्हणून नव्हे, तुमच्या जागेत बसत नाहीत म्हणून.

इडली आणि उपमा वेगळ्या कारणाने जातात. इडलीचं पीठ, सांबार, खोबऱ्याची चटणी, उपम्याचा रवा यातलं काहीही तुमच्या दुसऱ्या पदार्थात वापरता येत नाही. वीस इडल्या उरल्या तर पीठही उरलं, सांबारही उरलं आणि चटणी तर दुपारीच आंबली. तुम्ही रोज टाकता ते बहुधा हेच असणार. समोशालाही तेच लागू. मैद्याची पारी लाटायला एक वेगळा माणूस लागतो आणि आतल्या बटाट्याचं काम वडा करतोच.

भजीही उतरवा, कढई एकच आहे आणि ती वड्याला लागते. साबुदाणा खिचडीचं पुढे सांगते. राहिले चहा, वडापाव, पोहे, मिसळ. हे चार रोजचे, कधी न बदलणारे. त्यांची जोडणी बघा. कांदा, मिरची, लसूण, कोथिंबीर, लिंबू, शेव-फरसाण आणि पाव एवढ्यातच तिन्ही खाण्याचे पदार्थ निघतात, बाकी फक्त बटाटा, बेसन, जाड पोहे आणि मटकी. सकाळची खरेदी एका पिशवीत येते आणि एकाचं उरलेलं दुसऱ्यात जिरतं. शिवाय रस्सा उकळत असला की नागपूरकडची मुलं पोह्यांवर तर्री मागतील आणि कोल्हापूर-सांगलीकडची मुलं कटवडा मागतील. द्या, दहा रुपये जास्त घेऊन द्या. पण तो पाटीवर लिहू नका. पाटीवर लिहिलं की पाचाचे आठ होतात, आठाचे पुन्हा तेरा.

आता पैसे. तुमचे भाव तुम्ही लिहिलेले नाहीत, म्हणून मी साधारण भाव धरते, तुम्ही तुमचे घालून बघा. वड्याला पाच किलो बटाटे घेतले, किलोला तीस रुपये, तर दीडशे झाले. उकडून सोललं की साडेचार किलोच्या आत भरतात. साठ ग्रॅमचा गोळा धरला तर सत्तर वडे निघतात. त्याला सव्वा किलो बेसन, सव्वाशे रुपये. वडा तेल पितो ते साधारण दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सत्तर वड्यांना शंभर-एकशेपाच रुपयांचं. मिरची, लसूण, कोथिंबीर, फोडणी मिळून सत्तर. एकूण साडेचारशे, म्हणजे एक वडा जवळजवळ साडेसहाला पडला. पाव तीन, चटणी-मिरची-कागद दीड. अकरा रुपये. वीसला विकला तर नऊ सुटतात.

मिसळीत एक किलो कोरडी मटकी मोड येऊन सव्वादोन किलोच्या आसपास होते आणि ताटलीला ऐंशी ग्रॅम धरली की सत्तावीस ताटल्या निघतात. मटकीचे साडेचार रुपये, रस्स्याचा कांदा-सुकं खोबरं-आलं-लसूण-तेल-मसाला धरून सात, चाळीस ग्रॅम फरसाणाचे आठ, वरचा कांदा-लिंबू अडीच, दोन पावांचे सहा. अठ्ठावीस रुपये. साठला विकली तर बत्तीस सुटतात. पोह्यांच्या ताटलीला शेवेसकट दहा रुपये लागतात, पंचवीसला विकल्यावर पंधरा सुटतात. एक लिटर दुधात सहाशे मिली पाणी घालून उकळलेला चहा ऐंशी मिलीचे अठरा कप देतो. कप साडेचार-पाच रुपयांना पडतो, दहाला विकला तर पाच-साडेपाच सुटतात.

हे वाचून वाटेल की मिसळच जास्तीत जास्त विकावी. घाई करू नका. मिसळवाला बाकड्यावर बारा-पंधरा मिनिटं बसतो आणि दोनदा रस्सा मागतो. दोन बाकड्यांवर तुमच्याकडे आठ माणसं बसत असतील. सातच्या आधी सगळी जागा मिसळवाल्यांनी अडवली तर वडापाव-चहावाला उभा राहायलाही जागा उरत नाही. मी आमच्याकडे मिसळीचं पातेलं साडेसातनंतर पुढे आणायचे. रात्रपाळी सुटलेली मुलं तेव्हा निवांत असतात, घरी जाऊन झोपायचंच असतं, ती बसून खातात. सातच्या आत फक्त हातात देता येईल असं द्यायचं. ताटलीमागे किती सुटतात याबरोबर मिनिटामागे किती सुटतात तेही बघायला लागतं. त्या पंचेचाळीस मिनिटांत नऊ रुपये सोडणारा वडापाव बत्तीस रुपये सोडणाऱ्या मिसळीपेक्षा जास्त कमावतो.

यजमानांची भीती खोटी नाही, म्हणून त्यांना आकड्यांनीच उत्तर देऊ. समजा आज तुमचे साठ वडापाव, एकशेवीस चहा, पंचवीस पोहे आणि पंधरा मिसळ जातात. याची विक्री तीन हजार नऊशेच्या आसपास होते आणि माल वजा जाता दोन हजारांच्या थोडे वर सुटतात. गॅस, मुलाची मजुरी, जागा, पाणी-कागद मिळून बाराशे खर्च धरला तर आठशेच्या वर हातात यायला हवेत. तुमच्या हातात येतात चार-पाचशे. म्हणजे उरलेले नऊ पदार्थ अकराशेची विक्री दाखवतात, पण त्यांचा माल, टाकलेलं अन्न आणि जास्तीचा गॅस मिळून त्या अकराशेच्या वर तीन-चारशे खातात. हे माझ्या अंदाजाचे आकडे आहेत. तुमचे खरे काढायला दोन आठवडे वहीत रेघा ओढा. प्रत्येक पदार्थ गेला की एक उभी रेघ, पाचवी आडवी, आणि सातच्या आधीचे वेगळे, नंतरचे वेगळे. संध्याकाळी काय टाकलं तेही त्याच पानावर लिहा. यजमानांनाच ती वही सांभाळायला द्या.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. ऑम्लेट खाणारा माणूस चहाही घेत होता. तो गेला तर त्याचा चहाही जाईल. पहिले दोन आठवडे गल्ला खाली दिसेल. त्या काळात गल्ल्याकडे बघू नका, हातात उरलेल्या पैशाकडे बघा.

आता पाचवी जागा, आणि माझ्या मते गिऱ्हाईक टिकतं ते याच जागेमुळे. गेटवरचा माणूस आठवड्यातून सहा दिवस तुमच्याकडे येतो. चार पदार्थ रोज तेच असले की त्याला भरवसा वाटतो, पण तिसऱ्या आठवड्यात तो कंटाळतोही. म्हणून पाचवा पदार्थ वाराचा ठेवा. रोज नवीन काय करू असा विचार नको. वार ठरलेला आणि त्या वाराचा पदार्थ ठरलेला.

सोमवारी आणि शनिवारी साबुदाणा खिचडी, कारण त्या दिवशी उपवासवाले असतात आणि त्यांना तुमच्या बाकीच्या चारांत चहाशिवाय काहीच चालत नाही. मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी पुरी-भाजी. कढई पेटलेलीच असते आणि भाजीला वड्याचेच बटाटे. बुधवारी पिठलं-भाकरी. बेसन घरात असतंच. चाकणला खोल्या घेऊन राहणारी मराठवाड्याकडची, विदर्भाकडची कितीतरी मुलं आहेत, त्यांना आठवड्यातून एकदा ज्वारीची भाकरी मिळते म्हटल्यावर ती मित्रांना घेऊन येतात. गुरुवारी पुण्याकडच्या बऱ्याच कंपन्यांना साप्ताहिक सुट्टी असते. तुमच्या गेटला असेल तर त्या दिवशी गाडी बंद ठेवा, भांडी घासा, मसाला करा.

पिठलं-भाकरीचा हिशोब पूर्ण करून दाखवते, कारण तिथे सगळे चुकतात. वीस ताटल्या धरा. एक किलो बेसनाचं पिठलं वीस जणांना पुरतं. दोन-दोन भाकरी म्हणजे चाळीस, किलोभर पिठाच्या नऊ-दहा होतात, म्हणजे सव्वाचार किलो ज्वारीचं पीठ. पीठ दोनशे दहा, बेसन शंभर, तेल-कांदा-लसूण-मिरची एकशेवीस, ठेचा चाळीस. चारशे सत्तर रुपये, ताटली साडेतेवीसला पडते. साठला विका. वर या हिशोबात एक आकडा घाला, सासूबाईंची मजुरी. चाळीस भाकऱ्या एका तव्यावर थापून भाजायला सव्वा तास लागतो आणि तोही दुपारच्या बाराच्या आधीचा. घरचं माणूस म्हणून ती फुकट धरली तर तो पदार्थ स्वस्त वाटतो, आणि ज्या बुधवारी त्यांचं अंग दुखतं त्या बुधवारी बाहेरून भाकरी आणायला लागली की तोट्यात जातो. शंभर-दीडशे रुपये धरा आणि त्यांच्या हातावर ठेवा. भाकऱ्या सुती कापडात गुंडाळून डब्यात आणा. स्टीलच्या बंद डब्यात नुसत्या ठेवल्या तर वाफ धरून चिकटतात.

खिचडीत मी स्वतः एकदा चांगलीच फसले. एका आषाढी एकादशीला उत्साहाने चार किलो साबुदाणा एकदम परतला. अर्ध्या तासात वरचा थर चांगला आणि खालचा नुसता गोळा झाला. निम्मी खिचडी टाकून दिली, उपवासाच्या दिवशी टाकली म्हणून जास्त वाईट वाटलं. साबुदाणा दाण्यांच्या जेमतेम वर पाणी ठेवून रात्री भिजवायचा, सकाळी बोटात चुरडला तर चुरा व्हायला हवा, चिकटला तर पाणी जास्त झालं. एका वेळी एक किलोच परता, कूट अर्धा किलोच्या आत. पंधरा-सोळा ताटल्या होतात. संपल्यावर दुसरी करा, नाहीतर करू नका. पाऊण तासापेक्षा जास्त ती नीट राहत नाही.

चवीबद्दल एकच गोष्ट नेमाने करा. मिसळीचा मसाला आठवड्याचा एकदम भाजून दळून ठेवा, वजन करून. कांदा-खोबऱ्याचं ओलं वाटण रोजचं रोज. पातेल्यात किती पळ्या मसाला पडतो ते लिहून ठेवा आणि तीच पळी वापरा. मदतनीस मुलाने केला आणि तुम्ही केला यातला फरक गिऱ्हाईकाच्या जिभेला त्याच दिवशी कळतो, तो बोलत नाही, फक्त दोन दिवस येत नाही. आणि रस्सा मध्यम तिखट ठेवा, तर्री वेगळ्या भांड्यात काढा. रोज खाणाऱ्याला रोज तर्री झेपत नाही, छातीत जळजळ झाली की तो महिनाभर मिसळीचं नाव घेत नाही. तर्री मागणाऱ्याला वरून घाला. उत्तर भारतातली मुलंही मग मिसळ खातात.

टाकायचं कमी करायला कमी करून सुरू करा. पोहे दीड किलोच्या वर एकदम भिजवू नका. झाकून गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवले तरी दीड तासात कडेचे दाणे कडक होतात, आणि ते तुम्हाला चव घ्यायच्या आधी कळतं, माणसं जास्तीचं लिंबू मागायला लागतात. बटाट्याच्या भाजीत कांदा घालू नका, उन्हाळ्यात ती दुपारपर्यंत पाणी सोडते आणि आंबते. उरलेली भाजी दुसऱ्या दिवसाला नको. मटकीला उन्हाळ्यात एका दिवसात मोड येतात, थंडीत दोन लागतात, त्यामुळे डिसेंबरमध्ये दोन पातेली एका दिवसाच्या अंतराने भिजत हवीत. तेलावर फेस येऊन तो बसत नसेल तर ते तेल संपलं, त्यात नवीन ओतून ते सुधारत नाही, नवीनही बिघडतं. कढई लहान घ्या, दोन लिटरची, म्हणजे टाकताना जीव तुटणार नाही. आणि वडापाव वर्तमानपत्रात बांधून देऊ नका, शाई अन्नात उतरते आणि नियमानेही ते बंद आहे.

मिसळ अकरा वाजता संपली तर दुःख करू नका. “मिसळ संपली” अशी छोटी पाटी लावा. उद्या तो माणूस दहाला येतो. चहा मात्र कधीच संपता कामा नये.

बदल कधी करायचा, तर गुरुवारी गाडी बंद असेल तेव्हा पाटी रंगवून घ्या. वर चार पदार्थ भावासकट मोठ्या अक्षरात, खाली “आजचा” म्हणून रिकामी जागा आणि त्याखाली सहा वारांचे पदार्थ लहान अक्षरात, म्हणजे सोमवारी आलेल्याला बुधवारची भाकरी दिसेल. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, पुरी-भाजी. सुरुवातीला तीच बरी, कारण तिला कणकेशिवाय नवीन काही लागत नाही, बटाटे आणि कढई तुमच्याकडे आहेतच. सहाला पोचा, साडेसहाच्या आत चोवीस वडे तळून ठेवा आणि तिसऱ्या बर्नरवर पोहे उतरवून रस्सा चढवा. पुऱ्या मात्र साडेसातनंतरच लाटायला घ्या.